आभाळातले पतंग, घारी आणि विमानाची रेघ डाग न पडता कशी काढायची

प्रश्न: दादा, राजहंसगडाचा फोटो आहे, जानेवारीत सकाळी काढलेला, आभाळ एकदम निळंशार. पण त्यात चार पतंग, दोन घारी आणि वरच्या कोपऱ्यातून खाली बुरुजापर्यंत विमानाची पांढरी रेघ आलीय. स्पॉट हीलिंगनं सगळं काढलं, मोबाईलवर मस्त दिसत होतं, पण पाच फुटी कॅनव्हास काढल्यावर जिथं जिथं हात लावला तिथं पुसल्यासारखे डाग दिसायलेत. गिऱ्हाईक घेईना झालंय. रॉ फाईल आहे, २४ मेगापिक्सेल. काय करू?

उत्तर:

रॉ आहे म्हणतोस ना, मग काळजी करू नको, काम होतंय. पण आधी केलेली फाईल बाजूला ठेव, तिच्यावर परत हात फिरवत बसलास तर डागावर डाग चढत जातील, नव्यानंच सुरुवात कर.

मोबाईलवर का दिसलं नाही ते आधी बघ. तुझी फाईल ६००० बाय ४००० पिक्सेल, कॅनव्हास ६० बाय ४० इंच, म्हणजे एका इंचात १०० पिक्सेल बसले. घार काढताना ४० पिक्सेलचा एक गुळगुळीत ठिपका राहिला असेल तर तो कॅनव्हासवर एक सेंटिमीटरचा डाग झाला. मोबाईलवर तोच सगळा फोटो चार बोटांत बसतो, तिथं ४० पिक्सेल म्हणजे टाचणीच्या टोकाएवढं पण नाही. मी पण यात तोंडघशी पडलोय. निपाणीच्या एका हॉलसाठी सहा फुटी प्रिंट दिली होती, आभाळातल्या वायरी काढून, आणि तिथल्या एका आजोबांनी लांबूनच विचारलं, "आभाळाला ओल आलीय काय हो?" भिंतीला ओल आल्यावर कसं पुसट पुसट ठिगळ दिसतं तस्संच दिसत होतं. पैसे गेले ते गेले, पण त्या दिवसापासून डाग का पडतो ते नीट बघायला लागलो.

आपल्याला आभाळ सपाट निळा रंग वाटतो पण फाईलमध्ये तिथं दोन गोष्टी एकमेकांवर बसलेल्या असतात. एक म्हणजे ढाळ. क्षितिजाकडं फिकट, वर गडद, सूर्याच्या बाजूला उजळ, सूर्यापासून काटकोनात सगळ्यात गर्द, असा रंग हळूहळू बदलत जातो. दुसरा म्हणजे दाणा, कॅमेऱ्याच्या सेन्सरचा नॉइज, बारीक रव्यासारखा सगळीकडं पसरलेला. डाग पण म्हणून दोनच जातीचे. दाणा गेला की तो भाग लोण्यासारखा गुळगुळीत दिसतो आणि शेजारच्या रवाळ आभाळात उठून दिसतो. ढाळ तुटला की त्या जागी एक फिकट नाहीतर गडद पट्टा दिसतो. दाण्याचा डाग १०० टक्के झूम केल्यावर दिसतो, ढाळाचा डाग झूम कमी करून अख्खा फोटो लांबून बघितल्यावर दिसतो, आणि बहुतेक पोरं एकाच झूमवर बसून काम करतात म्हणून त्यातला एक कायम सुटतो.

स्पॉट हीलिंगनं तुझा दाणा का गेला? ब्रश मऊ ठेवला असणार आणि घासत घासत चालवला असणार. मऊ ब्रशच्या कडेला नवं आणि जुनं अर्धं अर्धं मिसळतं. रंग मिसळला तर काही बिघडत नाही, पण दाणा मिसळला की एकीकडचा उजळ ठिपका दुसरीकडच्या गडद ठिपक्यावर पडतो आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. दोन वेगवेगळे दाणे निम्मे निम्मे मिसळले तर दाण्याचा जोर साधारण ७० टक्क्यांवर येतो, हा नुसता हिशोब आहे, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तसंच होणार. त्यावर परत मऊ ब्रश मारला की अजून खाली. घासत राहिलास की लोणी तयार.

आता कामाला लाग. रॉ उघडल्यावर लेन्सचं करेक्शन आधीच लावून घे, कारण कोपऱ्यातला काळोख नंतर उजळलास तर केलेली दुरुस्ती पण त्याच्याबरोबर उजळून वर येते. शार्पनिंग शून्य. रंगाचा नॉइज कमी केलास तरी चालेल, ब्राइटनेसच्या नॉइजला हात लावू नको. डीहेझ, कॉन्ट्रास्ट, निळा रंग खेचणं हे सगळं शेवटी, दुरुस्ती झाल्यावर. आणि फोटोशॉपमध्ये १६ बिटमध्येच आण. ८ बिटमध्ये एका रंगाच्या २५६ च पायऱ्या मिळतात, आणि निळ्या आभाळाचा अख्खा ढाळ कधी कधी त्यातल्या तीस-चाळीस पायऱ्यांत बसलेला असतो, तिथं ओढाताण केलीस की पायऱ्या जिन्यासारख्या दिसायला लागतात.

हात लावायच्या आधी वर एक तपासणीचा लेअर टाकून ठेव. `Curves` ॲडजस्टमेंट लेअर घे आणि आभाळ ज्या टोनमध्ये आहे तेवढ्याच भागाची रेघ जवळजवळ उभी कर. फोटो भयाण दिसेल, दिसू दे, पण एका पायरीचा फरक पण ढळढळीत दिसायला लागतो. हा लेअर चालू-बंद करत काम करायचं, सेव्ह करताना बंद. आणि अधूनमधून `Channels` मध्ये जाऊन नुसता लाल चॅनेल बघत जा. निळ्या आभाळात लाल सगळ्यात कमी असतो म्हणून तिथं दाणा सगळ्यात जास्त असतो, आणि ठिगळ आधी तिथंच दिसतं.

पहिल्यांदा सोपं काम, घारी आणि पतंग. नवीन रिकामा लेअर घे, हीलिंग ब्रश घे, स्पॉटवाला नाही, साधा, ज्यात `Alt` दाबून आपण जागा दाखवतो तो. `Sample` ला `Current & Below`. ब्रशची `Hardness` १००. हे ऐकून सगळे चमकतात, कडक ब्रशनं कडा दिसणार नाही काय म्हणून. नाही दिसत, कारण हीलिंग ब्रश दाणा तिकडून उचलतो आणि रंग आपल्या आपण इथल्या कडेशी जुळवून घेतो, कड जुळवायचं काम तोच करतो, तू परत ब्रश मऊ करून मदत करायला गेलास की दाणा मरतो. `Diffusion` असेल तर २-३ वर आण, दाणेदार फोटोला तो कमीच ठेवायचा असतो.

ब्रश घारीपेक्षा जरासा मोठा, पंखांची टोकं आत येतील एवढा, आणि एकच टिचकी. घासायचं नाही. उठला डाग तर `Ctrl+Z` आणि दुसऱ्या जागेवरून परत एक टिचकी, झालेल्यावर दुसरी टिचकी मारायची नाही. जागा घेताना त्याच उजेडाची घे. लोक सांगतात त्याच उंचीवरची घे म्हणून, ते बहुतेक वेळा बरोबरच असतं, पण सकाळचा सूर्य एका बाजूला आणि लेन्स वाइड असली की ढाळ तिरका होतो, मग उंची एक असून पण उजेड वेगळा. त्यापेक्षा `Info` पॅनेल उघडं ठेवायचं, आयड्रॉपरचं सॅम्पल `31 by 31 Average` ठेवायचं म्हणजे दाण्यामुळं आकडे नाचत नाहीत, आणि दोन्हीकडचे आकडे एक-दोनच्या फरकात आले की तिथून उचलायचं. लांबून पण उचलू नको. कोपरे लेन्स करेक्शननं उजळलेले असतात, म्हणजे तिथला दाणा पण वाढलेला असतो, मधल्या आभाळाचा बारीक दाणा कोपऱ्यात नेऊन टाकलास तर रंग जुळूनसुद्धा ठिगळ दिसेल.

पतंगाचा मांजा दिसत असेल तर तो दोन पिक्सेलचा असतो, त्याला सात-आठ पिक्सेलचा ब्रश घे, एका टोकाला टिचकी मार आणि दुसऱ्या टोकाला `Shift` दाबून टिचकी, सरळ रेघ आपोआप पडते. मांजाला झोळ असतो, एका दमात जमणार नाही, तीन-चार तुकडे कर. फक्त तटबंदीच्या जवळ जाऊन थांब. हीलिंग ब्रश कडेचा रंग बघून जुळवतो ना, त्याला बुरुजाचा काळा दगड कडेला सापडला की तो काळा रंग आभाळात ओढतो आणि तिथं काजळी लागल्यासारखं होतं. म्हणून तिथं आधी आभाळाचं सिलेक्शन कर, दगडाच्या दोन पिक्सेल अलीकडं थांबणारं, आणि मगच ब्रश चालव, सिलेक्शनच्या बाहेर तो बघत नाही. शेवटचे दोन-चार पिक्सेल जे राहतील ते क्लोन स्टॅम्पनं, बारीक कडक ब्रश घेऊन.

इथपर्यंत अर्ध्या तासाचं काम. विमानाची रेघ हे मात्र वेगळं प्रकरण आहे.

आधी एक सांगतो, कारण परवाच एकजण म्हणाला की सांबऱ्याच्या विमानतळावरची विमानं जास्त झाली म्हणून रेघा वाढल्यात. सांबऱ्याला उतरणारं विमान रेघ सोडत नाही बाबा. ती रेघ म्हणजे इंजिनाच्या धुरातली वाफ गोठून झालेला बर्फाचा ढग, त्याला साधारण उणे ४० अंशाच्या आसपासची थंडी लागते, ती आपल्याकडं दहा-अकरा किलोमीटर वर असते, म्हणजे ही डोक्यावरून परस्पर लांब जाणारी विमानं. याचा आपल्या कामाशी संबंध आहे म्हणून बोलतोय. वरची हवा कोरडी असली तर रेघ बारीक राहते आणि मिनिटभरात विरते, काढायला सोपी. हवा दमट असली की ती टिकते आणि पसरत जाते. मग डोळ्याला दिसणारी रेघ ६० पिक्सेलची असते आणि तिच्या दोन्ही बाजूला पुसट धुकं मिळून खरी रुंदी दीडशे पिक्सेल होते. तू नुसती पांढरी रेघ काढलीस, धुकं राहिलं, म्हणून प्रिंटवर रुंद फिकट पट्टा दिसतोय असं मला तुझ्या वर्णनावरून वाटतंय. तपासणीचा लेअर चालू कर, ते धुकं कुठपर्यंत आहे ते स्पष्ट दिसेल, आणि तेवढी रुंदी धरूनच काम करायचं.

साडेतीन हजार पिक्सेल लांब आणि दीडशे रुंद पट्ट्यावर हीलिंग ब्रश चालवून ढाळ आणि दाणा दोन्ही एकदम जुळवायचं म्हणजे एका हातात दोन कलिंगडं. म्हणून दोघांना वेगळं करायचं. घारी-पतंग काढून झालेला फोटो एका लेअरमध्ये एकत्र कर आणि त्याच्या दोन कॉप्या काढ. खालचीला नाव दे `low`, वरचीला `high`. वरची बंद ठेवून `low` ला `Gaussian Blur` दे. किती? प्रिव्ह्यूमध्ये १०० टक्क्यावर बघत वाढवत जा, दाणा पूर्ण नाहीसा झाला की थांब, तुझ्या फाईलला सात-आठ पिक्सेलच्या आसपास येईल. मग `high` चालू करून त्याच्यावर `Image > Apply Image`, आणि १६ बिट असेल तर हे आकडे:

```
Layer:    low
Invert:   on
Blending: Add
Scale:    2
Offset:   0
```

`high` राखाडी दिसायला लागेल, त्याचा ब्लेंडिंग मोड `Linear Light` कर, फोटो पहिल्यासारखा दिसला पाहिजे. नाही दिसला तर वरचं काहीतरी चुकलंय, पुढं जाऊ नको. आता `low` मध्ये नुसता ढाळ आहे आणि `high` मध्ये नुसता दाणा. जिंपमध्ये करणाऱ्यांना `Filters > Enhance > Wavelet Decompose` आहे, तो असेच थर पाडून देतो, पुढचं सगळं तसंच.

इथं नियम उलटे होतात बघ. `low` मध्ये दाणाच नाही, मग मारायला काय आहे? तिथं ब्रश मऊ पाहिजे, कितीही वेळा फिरव. `high` मध्ये रंगच नाही, सगळं राखाडी, म्हणून तिथं उजेड जुळवायची कटकट नाही, फक्त ब्रश कडक पाहिजे. एकाच लेअरवर ज्या दोन गोष्टी भांडत होत्या त्या आता आपापल्या घरी गेल्या.

`low` वर आधी. इथं सगळ्यांची एक चूक होते, माझी पण व्हायची. रेघ लांब आहे म्हणून तिचा एक तुकडा लॅसोनं घेतात, पॅच टूलनं ओढतात, आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांना पांढरा फराटा उठतो. उठणारच. पॅच टूल तुकड्याच्या चारी बाजूच्या कडेचा रंग घेऊन मधलं भरतो, आणि दोन्ही टोकांना तुझं सिलेक्शन रेघेलाच कापून जातंय, म्हणजे तिथं कडेवर पांढरा रंगच आहे, तो आत येणार. म्हणून रेघ आधी तोडायची. क्लोन स्टॅम्प, मऊ ब्रश, तीनशे पिक्सेलचा, `Sample: Current Layer`, आणि रेघेवर साधारण सातशे-सातशे पिक्सेलवर एकेक खिंड पाडायची, चार खिंडी पुरे, शिवाय जिथं रेघ फोटोच्या कडेतून बाहेर जाते तिथं एक. जागा `Info` बघून त्याच उजेडाची, रेघेच्या शेजारून. खिंडीत रंग एखाद्या पायरीनं चुकला तरी आत्ता सोडून दे.

आता रेघेचे सुटे तुकडे झाले आणि प्रत्येकाच्या चारी बाजूला स्वच्छ आभाळ आलं. एकेक तुकडा लॅसोनं घे, धुक्यासकट, दोन्ही टोकं खिंडीत पोचतील असा, पॅच टूल `Normal` मोडला ठेवून शेजारच्या स्वच्छ जागेवर ओढ. चारी कडा आभाळाच्या आहेत म्हणून मधलं तो झकास भरतो. तुकडे झाले की शेवटी त्या खिंडींवरून एकेकदा पॅच फिरव, आता त्यांच्या आजूबाजूला पण रेघ उरली नाही. मग झूम कमी करून, तपासणीचा लेअर लावून, डोळे बारीक करून लांबून बघ. रेघेच्या वाटेवर काही सावली दिसली तर तिथं परत मोठं सिलेक्शन घेऊन पॅच, या लेअरवर कितीही वेळा केलंस तरी दाण्याला धक्का नाही.

मग `high`. इथं रेघेच्या कडा बारीक ओरखड्यासारख्या उरलेल्या दिसतील. क्लोन स्टॅम्प, `Hardness` १००, `Sample: Current Layer`, ते `All Layers` वर राहिलं असेल तर राखाडीच्या जागी निळं येऊन सगळा विचका होतो, आणि हे माझ्या हातून आज पण महिन्यातून एकदा होतं. ब्रश दोनशेचा, दाणा शेजारच्याच आभाळातला, आणि दर थोड्या अंतरानं नवीन जागा दाखव, एकाच जागेवरून सगळा पट्टा भरलास तर तोच तोच नक्षा परत परत दिसतो, साडीच्या काठासारखा.

बुरुजाजवळ मात्र ही दोन लेअरची रीत वापरू नको. `low` ला ब्लर देताना बुरुजाचा काळा रंग वीस-पंचवीस पिक्सेल आभाळात झिरपलेला असतो आणि `high` त्याची भरपाई करत असतो. तिथं एकाच लेअरला हात लावलास की भरपाई बिघडते आणि दगडाला काळी-पांढरी झालर लागते. म्हणून रेघेचं शेवटचं टोक, बुरुजापासून साधारण चाळीस पिक्सेलचं, आधी सोडून द्यायचं, सगळं झाल्यावर लेअर एकत्र करून मांजासाठी सांगितलं तसं सिलेक्शन लावून कडक क्लोननं काढायचं. तेवढ्या जागेत ढाळ फारसा बदलत नाही म्हणून क्लोन चालून जातो.

आता झालं का नाही हे डोळ्यावर सोडू नको, आकड्यानं बघ. `Histogram` पॅनेल `Expanded View` मध्ये उघड, चॅनेल `Red` कर. दुरुस्त केलेल्या जागेत १०० बाय १०० पिक्सेलचा चौकोन सिलेक्ट कर आणि कोपऱ्यातला पिवळा त्रिकोण दिसत असेल तर त्यावर क्लिक कर, नाहीतर तो जुन्या साठवलेल्या छोट्या चित्रावरून आकडे देतो. `Mean` म्हणजे ढाळ, `Std Dev` म्हणजे दाणा. मग तोच चौकोन शेजारी, त्याच उजेडात, हात न लावलेल्या आभाळात सरकव. `Mean` मध्ये अर्ध्या पायरीचा फरक चालतो. `Std Dev` दोन्हीकडं जवळपास सारखा पाहिजे. चौकोन यापेक्षा मोठा घेऊ नको, मोठा घेतलास की ढाळाचा फरक पण `Std Dev` मध्ये मोजला जातो आणि फसवतो.

समज, शुद्ध आभाळात ३.१ आला आणि तू दुरुस्त केलेल्या जागेत २.१. हे तेच ७० टक्के, म्हणजे कुठंतरी ब्रश मऊ राहिला होता. परत करायचा कंटाळा आला असेल तर वरून दाणा टाकता येतो. नवीन लेअर, ५० टक्के राखाडीनं भरलेला, `Linear Light` मोड, `Add Noise` मध्ये `Gaussian`, थोडंसं, आणि मग त्यालाच अर्ध्या पिक्सेलचा ब्लर, कारण कॅमेऱ्याचा दाणा कधीच एका पिक्सेलएवढा तीक्ष्ण नसतो, शेजारच्या पिक्सेलमध्ये जरा सांडलेला असतो, ब्लर न देता टाकलास तर खडीसाखरेसारखा चमकतो. काळा मास्क लावून फक्त त्या जागेवर उघड. किती टाकायचा यात गंमत आहे, ३.१ वजा २.१ म्हणजे १.० असं होत नाही. दाण्यांची बेरीज वर्गानं होते: ३.१ चा वर्ग ९.६१, २.१ चा ४.४१, फरक ५.२, त्याचं वर्गमूळ साधारण २.३. म्हणजे वाटतं त्याच्या दुपटीहून जास्त दाणा लागतो, म्हणूनच भीत भीत जरासा टाकणाऱ्यांचा डाग तसाच राहतो. हिशोब नको असेल तर `Amount` वाढवत वाढवत चौकोनाचा आकडा ३.१ ला आणून सोड, उत्तर एकच.

हे सगळं कुठं चालत नाही तेपण ऐक. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो असेल तर त्यात दाणा राहिलेलाच नसतो, आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन राहिलेले असतात, तिथं कुठलाही दाणा जुळत नाही, मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून मागवायची, नाही मिळाली तर मोठी प्रिंट द्यायची नाही. रेघ पसरून अर्ध्या आभाळाचा ढग झाला असेल तर ती रेघ राहिलेली नाही, तो ढगच आहे, तो राहू दे, काढायला गेलास तर स्वच्छ आभाळाचा नमुना घ्यायलाच जागा उरत नाही. सूर्य फ्रेमच्या अगदी जवळ असेल तर ढाळ सगळ्या बाजूंनी गोल फिरतो, तिथं तुकडे सातशेऐवजी दोनशे-तीनशेचे करावे लागतात आणि वेळ तिप्पट जातो, गिऱ्हाईकाला दर आधीच सांगून ठेव.

पुढच्या वेळी गडावर गेलास तर एक कर. ट्रायपॉड लावून, एक्सपोजर मॅन्युअल ठेवून, पाच-सात सेकंदांच्या अंतरानं नऊ फोटो काढ. घरी आल्यावर `File > Scripts > Statistics`, मोड `Median`, नऊही फोटो दे. प्रत्येक जागेवर नऊपैकी मधला उजेड तो ठेवतो, आणि घार किंवा पतंग एकाच जागी निम्म्याहून जास्त फोटोंत नसेल तर आपोआप गायब, ब्रशला हात न लावता. सगळ्या आभाळाचा दाणा एकसारखा कमी होतो, त्यामुळं ठिगळाचा प्रश्नच नाही. जानेवारीत बेळगावात पतंगांचा महोत्सव भरतो तेव्हाचं आभाळ मी असंच साफ करतो, तिथं एकेक काढत बसलो तर संक्रांतीला सुरू केलेलं काम होळीला संपेल. दोन ठिकाणी मात्र हे फसतं. वारा स्थिर असला की मोठा पतंग एकाच जागी ठाण मांडून बसतो, मग फोटोंमधलं अंतर अर्ध्या मिनिटावर ने. आणि गडावर भगवा फडकत असेल तर तो पण मीडियनमध्ये धूसर होतो, तो एका फोटोतून मास्क लावून परत आणायचा. विमानाची रेघ पण याला बधत नाही, ती हळू सरकते. तिच्यासाठी पंधरा-वीस मिनिटं थांब, कोरडी हवा असली तर आपोआप जाईल.

आणि आता हा कॅनव्हास परत काढायच्या आधी अख्खा काढू नको. दुरुस्त केलेल्या भागातून १२०० बाय ८०० पिक्सेलचा तुकडा काप, खिंड आणि बुरुजाजवळचं टोक दोन्ही त्यात येऊ दे, त्याच कॅनव्हासवर १२ बाय ८ इंच छापून घे. प्रिंटरवाल्याला सांग, "साइज लहान-मोठी करू नको, आहे तशीच काढ". दिवसाच्या उजेडात भिंतीला लाव, आधी हातभरावरून बघ, मग पाच पावलं मागं जाऊन बघ. दोन्हीकडून काही दिसलं नाही तरच मोठी ऑर्डर दे.